कुत्र्यांमधला गोचीडताप : पहिली लक्षणं कशी ओळखायची? आणि पावसाळ्यातच का वाढतो?

मृण्मयी_सिंहगडरोड
आमच्या सोसायटीत गेल्या महिन्याभरात तीन कुत्र्यांना गोचीडताप झाला. त्यातला जर्मन शेफर्ड वाचला नाही. त्याच्या घरच्यांचं म्हणणं, नाकातून रक्त आलं तेव्हा कळलं. त्याआधी आठवडाभर तो मलूल होता, पण सतत पाऊस, फिरणं बंद, म्हणून कंटाळला असेल असं वाटत होतं.

आता माझ्या टिपूबद्दल. देशी, चार वर्षांचा, १८ किलो. काल रात्री जेवला, पण वाडग्याजवळ जाऊन परत आला, मग पुन्हा गेला, असं करत संपवलं. आज सकाळी जिना चढताना मधल्या वळणावर बसला. एरवी तो माझ्या आधी दारात असतो. अंगावर शोधलं, एकही गोचीड नाही.

दोन प्रश्न आहेत. रक्त येण्याच्या कितीतरी आधी दिसणारी लक्षणं नेमकी कोणती? आणि हे सगळं जुलै-ऑगस्टमध्येच का उफाळून येतं?

टेकडीवाले
नाक कोरडं आणि गरम लागतंय का बघा. ओलं असेल तर काळजी नको. गोचीडच नाही तर गोचीडताप कुठून येणार? पावसात सगळेच कुत्रे सुस्तावतात. दोन दिवस बघा आणि मग ठरवा.

पशुवैद्य_सातारा
मृण्मयीताई, दोन दिवस थांबू नका. टेकडीवाले, तुमचा हेतू चांगला आहे, पण नाकावरून ताप कळत नाही. निरोगी कुत्र्याचंही नाक झोपेतून उठल्यावर कोरडं असतं आणि ताप असलेल्याचं ओलं असू शकतं.

साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलिन लावा आणि गुदद्वारातून मोजा. फिरून आल्या आल्या मोजू नका, अर्धा तास शांत बसू द्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्याला ताप वाटेल असा आकडा त्याच्यासाठी नॉर्मल असतो, म्हणून हात लावून अंदाज करू नये. विश्रांतीनंतरही १०३ च्या वर आलं तर ताप धरायचा.

मग उजेडात वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी हवी. बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. पोटाचा केस नसलेला भाग, मांडीची आतली बाजू, कानाच्या पाळीची आतली बाजू इथे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का पाहा. बोटाने दाबल्यावर ठिपका नाहीसा झाला तर ती नुसती लाली असते. तसाच राहिला तर त्वचेखाली रक्त झिरपलेलं असतं. जबड्याच्या कोपऱ्याखाली आणि गुडघ्यामागे गाठी हाताला लागतात का तेही चाचपा.

गोचीड दिसली नाही म्हणून ताप नाही, हे तर अजिबात धरू नका. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. चावलेली गोचीड तोवर पोट भरून कधीच गळून गेलेली असते.

टिंगूचीआई
आमच्या टिंगूचं (लॅब्रडॉर) पहिलं लक्षण लंगडणं होतं! सोमवारी पुढचा डावा पाय, गुरुवारी मागचा उजवा. आम्हाला वाटलं गच्चीवर घसरला. दवाखान्यात दुखण्याचं औषध मिळालं, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. रक्त तपासल्यावर कळलं. लंगडणं पाय बदलत असेल तर रक्त तपासा, हे मी भेटेल त्याला सांगते.

आणि आमच्या घरातला सगळ्यात खात्रीचा थर्मामीटर म्हणजे श्रीखंडाचा डबा. झाकण उघडल्याचा आवाज ऐकून टिंगू उठला नाही, त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "याला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या." बरोबर होत्या.

मृण्मयी_सिंहगडरोड
मोजलं. १०३.८. हिरड्या गुलाबीच आहेत, मला तरी किंचित फिक्या वाटल्या. पोटावर काही नाही. उजव्या कानाच्या आत मात्र तीन-चार बारीक ठिपके आहेत, काच दाबून पाहिली, जात नाहीत. संध्याकाळची वेळ घेतली आहे.

टेकडीवाले
घरात क्रोसिन असेल तर पाव गोळी द्या तोवर, ताप उतरेल.

टिंगूचीआई
नको नको! माणसांची तापाची गोळी कुत्र्याला द्यायची नसते.

पशुवैद्य_सातारा
टिंगूच्या आईंचं ऐका. पॅरासिटामॉल आपल्या मनाने देऊ नये, चुकलेल्या मात्रेने यकृताला आणि रक्तपेशींना इजा होते. आयब्रुफेन तर याहून वाईट. प्लेटलेट्स आधीच कमी असताना पोटात रक्तस्राव व्हायला तेवढं निमित्त पुरतं. शिवाय ताप उतरवून नेलं तर तपासणाऱ्याला खरा आकडा दिसत नाही. पाणी पाजा, पंख्याखाली ठेवा आणि न्या.

गोठेवाला
आमच्याकडे दोन संकरित गाईंना गोचीडताप झाला होता, दूध एकदम तुटलं, खांद्याजवळची गाठ सुजली. डॉक्टरांनी थायलेरिया सांगितला आणि त्याचं एक महागडं इंजेक्शन दिलं. कुत्र्याला तेच चालेल का? मेडिकलमध्ये मिळतं.

पशुवैद्य_सातारा
गोठेवाला दादा, नाव एक असलं तरी आजार वेगळा. गाईचा जंतू वेगळा, गोचीडही बहुतेक वेळा वेगळ्या जातीची. कुत्र्यात आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक एर्लिकिया, तो पांढऱ्या पेशींत राहतो आणि प्लेटलेट्स पाडतो. दुसरा बबेसिया, तो तांबड्या पेशी फोडतो. त्यात हिरड्या लवकर पांढऱ्या-पिवळ्या पडतात आणि लघवी काळ्या चहासारखी होऊ शकते. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, आणि एकाच गोचिडीतून दोन्ही एकदम येऊ शकतात. म्हणून रक्त न तपासता इंजेक्शन नको.

निशिगंध
पपईच्या पानांचा रस द्या. आमच्या शेजारच्या बीगलच्या प्लेटलेट्स ४० हजारांवरून चार दिवसांत दोन लाख झाल्या. डेंग्यूला देतात ना, तसंच.

टिंगूचीआई
@निशिगंध, त्या बीगलला डॉक्सीच्या गोळ्या चालू नव्हत्या का?

निशिगंध
चालू होत्या. पण रस दिल्यावरच आकडा चढला.

पशुवैद्य_सातारा
डॉक्सीसायक्लिन लागू पडलं की कुत्रा एक ते तीन दिवसांत उठून बसतो आणि प्लेटलेट्स त्यामागोमाग चढू लागतात. दोन्ही एकदम चालू असताना श्रेय रसाला देता येत नाही. रसाने एर्लिकिया मरत नाही एवढं नक्की. कोणी डॉक्टरांच्या संमतीने गोळ्यांसोबत देत असेल तर मी भांडणार नाही. गोळ्यांऐवजी देऊ नये. मलूल कुत्र्याला तोंड दाबून कडू रस पाजताना तो श्वासनलिकेत गेलेला मी पाहिला आहे.

मृण्मयी_सिंहगडरोड
रिपोर्ट आला. प्लेटलेट्स ६२,०००. हिमोग्लोबिन ११.४. डॉक्टरांनी कानाच्या कडेला टोचून एक थेंब काचेवर घेतला आणि तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, काही जंतू दिसला नाही. रॅपिड किटही निगेटिव्ह. तरी त्यांनी डॉक्सी सुरू केलं आहे आणि पीसीआरसाठी रक्त पाठवलंय. मी गोंधळले आहे. दोन चाचण्या निगेटिव्ह असताना औषध का?

टेकडीवाले
हेच मी म्हणत होतो. निगेटिव्ह म्हणजे नाहीये. उगाच महिनाभर अँटिबायोटिक कशाला?

पशुवैद्य_सातारा
तुमच्या डॉक्टरांनी योग्य केलं आहे. काचेवरच्या थेंबात एर्लिकिया दिसला तर नक्की, पण तो फार थोड्या पेशींत असतो. बहुतेक आजारी कुत्र्यांत दिसतच नाही. बबेसिया मात्र कानाच्या टोकाच्या बारीक रक्तवाहिन्यांत जास्त सापडतो, म्हणून त्यांनी कानातून थेंब घेतला.

रॅपिड किट जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधतं. ती तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे अगदी सुरुवातीला किट निगेटिव्ह येऊ शकतं. उलट बरा झालेला कुत्रा पुढे कित्येक महिने पॉझिटिव्ह दाखवतो. पीसीआर जंतूचा अंशच शोधतं, म्हणून या टप्प्यावर तेच कामाचं. पण त्यासाठी रक्त गोळीच्या आधी घ्यावं लागतं. ते घेतलंय ना?

एक गोष्ट मात्र विचारून घ्या. मशिनने मोजलेल्या प्लेटलेट्स कधी कधी नळीत गुठळ्या झाल्यामुळे खोट्या कमी येतात. काचेवर डोळ्यांनी ताडून पाहिलं का?

टेकडीवाले, ताप, कानातले ठिपके आणि ६२ हजार प्लेटलेट्स (कुत्र्यात साधारण दोन ते पाच लाख असतात), तेही गोचिडींच्या सोसायटीत. इतकं एका जागी जुळल्यावर रिपोर्टची वाट बघत बसणं परवडत नाही. हा टप्पा हातातून गेला तर कुत्रा आपोआप बरा झाल्यासारखा दिसतो, खातो-पितो. जंतू प्लीहेत लपून राहतो, महिने नाही तर वर्षंही. नंतर काही कुत्र्यांत अस्थिमज्जाच बंद पडते आणि मग नाकातून रक्त येतं. त्या वेळी गोळ्यांचा उपयोग फार कमी होतो.

मृण्मयी_सिंहगडरोड
रक्त आधीच घेतलं होतं. आणि हो, काचेवर पाहिलं, गुठळ्या नव्हत्या.

मुळशीकर
मी बारा वर्षं बोर्डिंग केनेल चालवतोय, दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. सगळे कुत्र्याच्या अंगावर शोधतात. गोचीड बहुतांश आयुष्य कुत्र्याच्या अंगावर नसतेच. अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा पायांचं, खसखशीएवढं. ते कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं, गळून पडतं आणि भिंतीच्या भेगेत जाऊन कात टाकतं. आता आठ पाय. पुन्हा चढतं, पुन्हा पडतं, पुन्हा भेगेत. मग मोठी होऊन तिसऱ्यांदा चढते. पोट भरलेली मादी वाटाण्याएवढी राखाडी होते, खाली पडते आणि वर चढत जाऊन अंडी घालते. एकेक मादी हजार ते चार हजारांपर्यंत अंडी घालते.

ही तपकिरी गोचीड जमिनीत नाही, भिंतीत वरच्या बाजूला राहते. माझ्याकडे एकदा स्विचबोर्डची प्लेट उघडली तर मागे मोहरी सांडल्यासारखी पिल्लं होती. पडद्याचा वरचा दुमड, दाराच्या चौकटीमागची फट, फॉल्स सीलिंग, खाटेचा सांधा इथे बघा.

आता पावसाळा का. अंडी आणि कोवळी पिल्लं कोरड्या हवेत सुकून मरतात. एप्रिल-मेमध्ये ऊन असतं, पण हवा कोरडी असते, पिल्लं फार जगत नाहीत. जूनमध्ये हवेत ओल आली आणि ऊबही राहिली की ती टिकतात. थंडीत जे महिनोन्‌महिने रेंगाळतं ते उबेत साधारण दोन महिन्यांत पुरं होतं. मेमध्ये घरात आलेल्या दोन-चार माद्यांची पिल्लावळ जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्या कुत्र्यांवर चढते. त्यात पावसामुळे कुत्रे पार्किंगमध्ये एकत्र झोपतात. एकाचं पोट भरून पडलेली दुसऱ्याला मिळते.

कोकणकन्या
आमच्याकडे दोडामार्ग-सावंतवाडीत माकडतापही गोचिडीतूनच होतो. मग टिपूपासून घरातल्यांना धोका आहे का? घरात लहान मूल आहे का ताई?

पशुवैद्य_सातारा
कोकणकन्या, माकडताप वेगळा. तो विषाणू आहे, कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये ओळखला गेला, आणि तो पसरवणारी गोचीड जंगलातली. तुमच्याकडे तो मुख्यतः पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दिसतो, म्हणजे हंगामही उलटा. टिपूला हात लावून घरात कुणाला एर्लिकिया होत नाही. घरातल्या गोचिडी माणसालाही चावू शकतात, म्हणून काढताना बोटांनी चिरडू नका. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. रॉकेल, तेल, जळती काडी काही नको.

मुळशीकरांच्या वर्णनात एक भर. एर्लिकिया मादीकडून अंड्यात जात नाही. नुकतं निघालेलं पिल्लू निरोगी असतं. ते आजारी कुत्र्याचं रक्त प्यायलं की जंतू घेतं, कात टाकल्यावरही तो आत राहतो आणि पुढच्या कुत्र्याला मिळतो. म्हणजे सोसायटीत वरवर ठणठणीत दिसणारा एखादा कुत्रा जंतूचा साठा असतो. बबेसियाचा एक प्रकार मात्र अंड्यातूनही पुढे जातो.

अनुजा_पर्थ
ऑस्ट्रेलियात हा आजार नव्हताच, असं समजत होते. २०२० मध्ये इथे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला किंबर्ली भागात पहिल्यांदा स्थानिक कुत्र्यांत एर्लिकिया सापडला, नंतर नॉर्दर्न टेरिटरीतही. तिकडे हवा गरम आणि पावसाळी, पर्थला मी राहते तिथे तशी नाही. आता उत्तरेकडून कुत्रा आणायचा असेल तर डॉक्टर आधी गोचिडींबद्दल विचारतात. मुळशीकरांचं उबेबद्दलचं म्हणणं तंतोतंत पटलं.

आजोबा_खडकी
मी सैन्यातल्या श्वानपथकात होतो. आमच्या प्रशिक्षणात सांगायचे की व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्याचे कितीतरी जर्मन शेफर्ड याच तापाने गेले, नाकातून रक्त येऊन. मृण्मयी, तुमच्या सोसायटीतला शेफर्ड वाचला नाही हे वाचून तेच आठवलं. या जातीला हा आजार जास्त जड जातो. सकाळी पथकातल्या प्रत्येक कुत्र्याचं तापमान लिहून ठेवायची आमची वही असायची. वहीत आकडा सरकलेला दिसला की कुत्रा खाणं सोडण्याआधीच कळायचं.

मृण्मयी_सिंहगडरोड
आजोबा, वही आजपासून सुरू केली.

पीसीआर आलं. एर्लिकिया पॉझिटिव्ह, बबेसिया निगेटिव्ह. डॉक्सीचं वजनाप्रमाणे रोज १० मिलिग्रॅम दर किलोला, म्हणजे टिपूला १८० च्या आसपास, दोन भागांत. २८ दिवस. ताप दुसऱ्या दिवशी १०२.२ वर आला. आज सकाळी दारात माझ्या आधी! पण गोळी दिल्यावर दोनदा उलटी केली. आणि ताप गेला तर २८ दिवस खरंच लागतात का?

टिंगूचीआई
टिंगूलाही उलटी व्हायची. भातात लपवून, पोटभर जेवल्यावर द्या. उपाशी पोटी अजिबात नको.

पशुवैद्य_सातारा
बरोबर. वरून थोडं पाणी पाजा, गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होते. दुधासोबत किंवा कॅल्शिअमच्या टॉनिकसोबत नको, औषध नीट शोषलं जात नाही. उलटी गोळीनंतर लगेच झाली तर डॉक्टरांना विचारून पुन्हा द्यावी लागेल.

२८ दिवस पूर्णच करा. ताप दोन दिवसांत जातो, पण जंतू पेशींच्या आत असतो. अर्धवट सोडलेला कुत्रा नंतरचा लपलेला रुग्ण होतो, आणि तुमच्या सोसायटीतल्या पुढच्या गोचिडींना जंतू पुरवतो. आठवड्याने प्लेटलेट्स पुन्हा मोजा. तीन दिवसांत काहीच फरक नसता तर मी दुसरा आजार शोधला असता, पण इथे तो प्रश्न नाही.

टेकडीवाले
मृण्मयीताई, टिपू सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. पुढे काय करायचं? मी दर महिन्याला मानेवर थेंब टाकतो. आता महिनाभर किंवा तीन महिने चालणाऱ्या गोळ्या आल्यात म्हणतात. कोणतं चांगलं?

मुळशीकर
गोळी. थेंब आंघोळीने जातात.

पशुवैद्य_सातारा
इथे माझं मुळशीकरांशी पूर्ण पटत नाही. या गोळ्या गोचीड मारण्यात उत्तम आहेत, पण गोचीड चावल्यावरच तिला औषध लागतं. बबेसिया जायला दोन-तीन दिवस चिकटून राहावं लागतं, तिथे गोळी वेळेत पोहोचते. एर्लिकिया मात्र काही तासांत जाऊ शकतो, तीन तासांत गेल्याचंही प्रयोगात दिसलं आहे. त्यामुळे चावण्याआधीच गोचिडीला दूर ठेवणाऱ्या पट्ट्याची जोड असलेली बरी, पण घरात मांजर असेल तर पट्ट्यात परमेथ्रिन नाही ना हे तपासा, मांजराला ते विष आहे. फिट्स येणाऱ्या कुत्र्याला या गोळ्या डॉक्टरांना सांगूनच.

मुळशीकर
पट्टा माझ्याकडच्या कुत्र्यांत दोनदा गळ्याला खाज आणून गेला. आणि कुत्र्यावर काहीही लावा, भिंतीतल्या पिल्लांचं काय? मी भेगा सिमेंटने बुजवतो, फवारणी करून घेतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. एकदाच केली तर अंड्यातून नंतर निघालेली वाचतात.

मृण्मयी_सिंहगडरोड
आठवड्याचा रिपोर्ट: प्लेटलेट्स १,४८,०००.

फवारणीबद्दल सोसायटीच्या बैठकीत बोलले. पार्किंगमध्ये सहा भटके कुत्रे झोपतात, त्यातली एक कुत्री गेल्या वर्षी खूप आजारी होऊन आपोआप बरी झाली होती. साठा तीच असू शकते का? तिची तपासणी आणि महिनाभराच्या गोळ्या कोण देणार यावर अजून वाद चालू आहे. काहींचं म्हणणं कुत्रेच हलवा, जे मला मान्य नाही, आणि नियमाप्रमाणेही चालत नाही. कुणी सोसायटीत वर्गणी काढून भटक्यांना गोळ्या दिल्या आहेत का? रोज कोण देतं, खाल्ली की नाही कसं बघता?

टिंगूचीआई
आम्ही देतो. पाच घरांनी वार वाटून घेतलेत. उकडलेल्या अंड्याच्या बलकात गोळी, आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. तुमचा भाग कोणता? आमची यादी पाठवते.